क्रिस्पर-कॅस९: लक्ष्यशोध आणि डीएनए दुरुस्ती

क्रिस्पर-कॅस९ हे सजीवांच्या डीएनएमध्ये निवडलेल्या ठिकाणी छेद घेण्याचे तंत्र आहे. कॅस९ हे प्रथिन डीएनए कापते, आणि कोठे कापायचे हे त्याच्यासोबतचा मार्गदर्शक आरएनए ठरवतो. छेदानंतर जनुकात जो बदल घडतो तो मात्र कॅस९ घडवत नाही. तो पेशीची स्वतःची दुरुस्ती यंत्रणा घडवते. ही दुरुस्ती मुख्यतः दोन मार्गांनी होते: तुटलेली टोके थेट जोडून, किंवा एखाद्या साच्यावरून मूळ क्रम पुन्हा लिहून. महाराष्ट्रात विदर्भातील जिल्हे आणि नंदुरबार येथे मोठ्या प्रमाणात आढळणाऱ्या सिकलसेल आजारावर या दोन्ही मार्गांनी उपचार करण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यामुळे या दोन मार्गांतील फरक समजण्यासाठी हा आजार सोयीचे उदाहरण ठरतो.

## पार्श्वभूमी

क्रिस्पर ही मुळात जीवाणूंची विषाणूंपासून संरक्षण करणारी व्यवस्था आहे. जीवाणू हल्ला करणाऱ्या विषाणूच्या डीएनएचे लहान तुकडे आपल्या जनुकसंचात साठवतो. त्यांच्यापासून तयार झालेला आरएनए पुढील हल्ल्याच्या वेळी तोच विषाणू ओळखण्यास कॅस९ला मदत करतो. एमान्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांच्या गटांनी २०१२ मध्ये दाखवले की या आरएनएचा क्रम बदलून कॅस९कडून हव्या त्या ठिकाणी डीएनए कापून घेता येतो. या कार्यासाठी त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

## लक्ष्य कसे सापडते

मार्गदर्शक आरएनएचा लक्ष्य ओळखणारा भाग २० अक्षरांचा असतो. (येथे अक्षर म्हणजे A, T, G, C या चार क्षारकांपैकी एक, आरएनएमध्ये T ऐवजी U असते.) मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जोड्या आहेत. त्यांतील प्रत्येक जागी डीएनएची दुपेडी साखळी उलगडून २० अक्षरे जुळवून पाहणे फार वेळखाऊ ठरेल. म्हणून कॅस९ आधी एक छोटी खूण शोधते. या खुणेला पॅम म्हणतात. सर्वाधिक वापरले जाणारे कॅस९ *स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस* या जीवाणूचे असून त्याची पॅम खूण NGG अशी आहे. म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि त्यानंतर सलग दोन G.

कॅस९ डीएनएवर आदळते आणि पॅम नसेल तर क्षणार्धात सुटते. पॅम सापडल्यास त्याच्या लगतची दोन-तीन अक्षरे ते उलगडते. तेथे मार्गदर्शक आरएनएची अक्षरे डीएनएच्या एका धाग्याशी जुळली, तर जुळणी पॅमपासून दूर एकेक अक्षराने पुढे सरकते. पॅमलगतच्या साधारण १० ते १२ अक्षरांत विजोड आढळला तर जुळणी बहुधा तेथेच मोडते. दूरच्या टोकाकडील एखादा विजोड मात्र अनेकदा खपून जातो. जुळणी पुरेशी लांबल्यावर प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्याचे दोन छेदक भाग डीएनएचा प्रत्येकी एक धागा कापतात. छेद पॅमपासून तीन अक्षरे आत पडतो.

पॅमची अट जीवाणूसाठी संरक्षक आहे. विषाणूचे तुकडे जीवाणूच्या स्वतःच्या साठ्यातही असतात, पण तेथे त्यांच्या शेजारी पॅम नसते. त्यामुळे कॅस९ स्वतःच्या जीवाणूचा डीएनए कापत नाही. संशोधकांसाठी मात्र हीच अट मर्यादा ठरते, कारण जवळ पॅम नसेल तर हव्या त्या अक्षरावर छेद घेता येत नाही.

## दुरुस्तीचे दोन मार्ग

### टोके थेट जोडणे

दोन्ही धागे तुटणे हा पेशीसाठी गंभीर धोका असतो. बहुतेक पेशींत ही तुटलेली टोके कू नावाची प्रथिने लगेच धरून ठेवतात, इतर विकर गरजेनुसार ती साफ करतात आणि लायगेज-४ हे विकर ती जोडते. या मार्गाला साच्याची गरज नसते आणि तो पेशीचक्राच्या जवळपास सर्व टप्प्यांत चालू असतो. जोडणी पुष्कळदा अचूक होते. पण ती अचूक झाली की लक्ष्य पूर्ववत होते आणि कॅस९ ते पुन्हा कापते. हे चक्र केव्हातरी एखाद्या चुकीवर थांबते. एखादे अक्षर वाढते किंवा काही अक्षरे गळतात, मार्गदर्शक आरएनए आता जुळत नाही आणि बदल कायम राहतो. प्रथिनाचा संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. म्हणून तीनच्या पटीत नसलेली वाढ वा घट पुढील सारा संदेश बिघडवते. जनुक बंद पाडायचे असेल तर हा मार्ग उपयोगी पडतो.

### साच्यावरून दुरुस्ती

दुसऱ्या मार्गात तुटलेल्या टोकांचा एकेक धागा कुरतडला जातो. उघडा पडलेला धागा रॅड५१ या प्रथिनाच्या साहाय्याने आपल्यासारखाच क्रम असलेला डीएनए शोधतो आणि त्यावरून गमावलेला भाग नव्याने लिहिला जातो. नैसर्गिक स्थितीत हा साचा म्हणजे विभाजनापूर्वी तयार झालेली त्याच गुणसूत्राची दुसरी प्रत असते. म्हणून हा मार्ग मुख्यतः डीएनएची प्रत निघत असताना आणि त्यानंतर, विभाजनाच्या आधी चालतो. संशोधक बाहेरून हवा तो क्रम असलेला साचा पुरवतात, आणि पेशीने तो वापरला तर नेमके हवे ते अक्षर बदलते. विश्रांत अवस्थेतील पेशींत मात्र हा मार्ग जवळजवळ बंद असतो.

## उदाहरण: सिकलसेल

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. या आजारात ११व्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या सांकेतिक गटात GAG ऐवजी GTG असते. या एका अक्षराच्या फरकामुळे प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी झाल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

### चूक दुरुस्त करण्याचा मार्ग

GTG चे पुन्हा GAG करणे हा सर्वांत सरळ उपाय वाटतो. त्यासाठी साच्यावरून दुरुस्ती घडवावी लागते. प्रयोगांत वापरलेल्या एका मार्गदर्शक आरएनएचा छेद बदललेल्या अक्षरापासून १७ अक्षरे पुढे पडतो. म्हणजे दुरुस्ती छेदापासून तेवढ्या अंतरापर्यंत पोहोचली पाहिजे. शिवाय चुकीचे अक्षर या मार्गदर्शकाच्या लक्ष्याबाहेर असल्याने ते दुरुस्त झाले तरी कॅस९ पुन्हा कापू शकते. यासाठी साच्यात प्रथिन न बदलणारे काही अक्षरबदल मुद्दाम ठेवले जातात.

मुख्य अडचण वेगळी आहे. ज्या रक्तमूलपेशी दुरुस्त करायच्या त्या बहुतांशी विश्रांत असतात आणि टोके थेट जोडतात. छेद प्रथिनाच्या संदेशातच असल्याने अशा पेशींत बीटा ग्लोबिन जनुक सुधारण्याऐवजी बंद पडते आणि थॅलेसेमियासारखी स्थिती उद्भवते. या मार्गावरील एका उपचाराची अमेरिकेतील चाचणी जानेवारी २०२३ मध्ये थांबवण्यात आली, कारण पहिल्याच रुग्णात रक्तपेशींची संख्या दीर्घकाळ कमी राहिली होती.

### जनुकाचा खटका तोडण्याचा मार्ग

दुसरा उपाय चुकीच्या अक्षराला हातच लावत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते आणि ते तंतू बनण्यात अडथळा आणते. जन्मानंतर बीसीएल११ए हे प्रथिन गॅमा जनुके दाबून टाकते. भारतातील सिकलसेल रुग्णांत बहुधा आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकप्रकारात गर्भीय हिमोग्लोबिन तुलनेने जास्त टिकते, आणि त्यामुळे अनेकांत आजार सौम्य राहतो. (विदर्भात तीव्र आजाराचे रुग्णही आढळतात.) निसर्गात दिसणारा हाच लाभ संपादनाने मिळवता येतो.

बीसीएल११ए जनुक पूर्ण बंद करणे योग्य नाही, कारण इतर पेशींना ते लागते. म्हणून या जनुकाच्या आतील, केवळ तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत काम करणारा एक वर्धक भाग लक्ष्य केला जातो. लक्ष्याचा क्रम असा आहे (उभी रेघ छेदाची जागा दाखवते, शेवटची तीन अक्षरे पॅम आहेत):

```
5′-CTAACAGTTGCTTTTAT|CAC AGG-3′
```

छेदाभोवतीची TTATCA ही सहा अक्षरे समोरच्या धाग्यावर TGATAA अशी वाचली जातात. त्यातील GATA हा क्रम गाटा१ या प्रथिनाची बसण्याची जागा आहे. छेद नेमका तिच्या आत पडतो. त्यामुळे जोडणीत एखादे अक्षर वाढो वा अनेक अक्षरे गळोत, ही जागा मोडते. बीसीएल११एची निर्मिती घटते आणि गॅमा साखळी पुन्हा तयार होऊ लागते. चुकीची जोडणी, जी पहिल्या मार्गात अपयश ठरते, तीच येथे अपेक्षित परिणाम आहे. आणि ती विश्रांत पेशींतही घडते.

या तत्त्वावरील कॅसजेव्ही उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्या मूलपेशी काढून प्रयोगशाळेत संपादित केल्या जातात आणि ब्युसल्फान या औषधाने अस्थिमज्जा रिकामी करून त्या परत दिल्या जातात. प्रसिद्ध चाचणीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३० पैकी २९ रुग्णांना किमान सलग १२ महिने तीव्र वेदनेचे झटके आले नाहीत. मूळ GTG मात्र जनुकात तसेच राहते आणि पुढील पिढीत जाऊ शकते.

## मर्यादा आणि तपासणी

सर्वांत मोठी चिंता लक्ष्याबाहेरील छेदांची असते. मार्गदर्शकाशी जवळपास जुळणाऱ्या जागा आधी संगणकाने शोधल्या जातात आणि नंतर पेशींतील त्या जागांचे क्रमवाचन केले जाते. परंतु हा शोध एका संदर्भ जनुकसंचावर केला तर व्यक्तीव्यक्तींमधील फरक सुटतात. वर दिलेल्या मार्गदर्शकाच्या बाबतीत २०२३ मध्ये असेच आढळले: आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत एका अक्षराच्या फरकामुळे दुसऱ्याच ठिकाणी नवीन NGG तयार होते आणि तेथे छेद पडू शकतो. म्हणून भारतीय रुग्णांसाठी अशी तपासणी भारतीय जनुकसंचांवरही करणे आवश्यक ठरते.

लक्ष्याच्या जागीही काही बदल नजरेतून सुटतात. क्रमवाचनासाठी छेदाभोवतीचा लहान भाग प्रतिकृती करून घेतात. हजारो अक्षरे गळाली असतील तर प्रतिकृती सुरू होण्याची जागाच नाहीशी होते. मग ती गुणसूत्रे मोजणीत येत नाहीत आणि निकाल प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. यासाठी लांब पल्ल्याचे क्रमवाचन वापरतात.

विजोड कमी सहन करणाऱ्या इतर कॅस९ प्रकारांचाही अभ्यास सुरू आहे. दिल्लीतील सीएसआयआर-आयजीआयबी ही संस्था *फ्रान्सिसेला नोव्हिसिडा* या जीवाणूच्या कॅस९वर काम करते. या प्रथिनावर आधारित ‘फेलुदा’ ही कोविड चाचणी तिने २०२० मध्ये विकसित केली, आणि त्याच्याच सुधारित प्रकारांवर सिकलसेल उपचाराचे संशोधन चालू आहे.