दिव्यांभोवतीचे खळे

दर रविवारी संध्याकाळी सात वाजले की म्हैसूरच्या राजवाड्यावरील जवळजवळ लाखभर दिवे एकदम पेटतात. कमानी, घुमट, मनोरे यांच्या कडा सोन्याच्या तारेने रेखाव्यात तशा उजळून निघतात. दोन वर्षांपूर्वी हे दृश्य मी प्रथम पाहिले, तेव्हा माझ्या वाट्याला काही निराळेच आले. प्रत्येक दिव्याला खळे पडलेले होते, पावसाळी रात्री चंद्राला पडते तसे. ती खळी एकमेकांत मिसळून राजवाड्याच्या जागी मला एक धूसर पिवळा ढग दिसत होता. सोबतच्या मंडळींना प्रत्येक दिवा सुटा दिसत होता. दोनच महिन्यांपूर्वी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, लेसरच्या साहाय्याने मी चष्म्यातून मुक्त झालो होतो.

या खळ्याचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की लेसरने दृष्टी सुधारण्याच्या विद्येइतकेच त्याचेही वय आहे. त्या विद्येच्या उगमाशी एक भारतीय नाव आहे. मद्रासमध्ये शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा कूर्चेचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेसरचा अतिनील किरण सोडला. भोवतीचा भाग न जळता तुकड्यावर स्वच्छ रेघ कोरली गेली. हा किरण ऊतीला भाजून काढीत नाही; तिच्या रेणूंचे बंधच तोडतो, आणि प्रत्येक झोताला मायक्रॉनचा अल्पसा अंश तेवढा उडतो. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, आकार देण्यास असेच हत्यार हवे होते. स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्याने १९८३ मध्ये हे काम पुढे नेले. १९८८ मध्ये मार्गरिट मॅकडॉनल्ड यांनी दृष्टी शाबूत असलेल्या डोळ्यावर त्याचा प्रयोग केला. पारपटलाची पातळ झडप उचलून तिच्याखाली लेसर चालविण्याची पद्धत, जिला आपण लॅसिक म्हणतो, तीही याच सुमारास आकारास आली.

त्या आरंभीच्या वर्षांतच रुग्ण सांगू लागले, की दिवसा सारे उत्तम दिसते, पण रात्री समोरच्या मोटारीचा दिवा फुलासारखा पसरतो. तेव्हा लेसरने घडविलेल्या मधल्या वर्तुळाचा व्यास चार-पाच मिलिमीटर असे. दिवसा डोळ्याची बाहुली आकसून याहून लहान होते, म्हणून तक्रार नसे. अंधारात मात्र ती सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. मधल्या घडविलेल्या भागातून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर नेमका एकवटतो; पण काठाच्या न घडविलेल्या भागातून आलेला प्रकाश पूर्वीच्या नंबराप्रमाणे अलीकडेच एकवटतो आणि दृष्टिपटलाशी पोचेतो चकतीसारखा पसरतो. काळोखातील तेजस्वी दिव्याभोवती तीच चकती खळे होऊन दिसते. प्रकाश डोळ्यात विखुरल्याने भोवतीच्या वस्तू फिक्या पडतात, ती चकाकी. रस्त्यावर धोका अधिक तिचाच. कारण कडेने चालणारा माणूस तिच्यात हरवतो.

मग वर्तुळ मोठे का केले नाही, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर मनर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेल्या एका साध्या सूत्रात आहे. नंबराला वर्तुळाच्या व्यासाच्या वर्गाने गुणावे आणि तिनाने भागावे, म्हणजे किती मायक्रॉन ऊती काढावी लागेल याचा अंदाज येतो. उणे सहा नंबरासाठी चार मिलिमीटरच्या वर्तुळाला ३२ मायक्रॉन पुरतात. सहा मिलिमीटरला ७२ लागतात, आणि सातला ९८. पारपटल सारे मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. त्यातून फार काढले तर उरलेला पडदा डोळ्यातील दाबाने पुढे फुगू शकतो. शिवाय खोलवर काम केल्याने पृष्ठभागावर धूसर व्रण येण्याची भीती त्या काळी मोठी होती. म्हणजे रात्रीची स्पष्टता आणि पडद्याची मजबुती यांत हा सौदा होता. पुढे वर्तुळ सहा-साडेसहा मिलिमीटरपर्यंत वाढले, त्याच्या कडेला उतार देण्यात आला, आणि तक्रारी पुष्कळ सौम्य झाल्या. पण संपल्या नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पूर्वी खळे न दिसणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी ते दिसत होते. त्यामुळे नित्याच्या व्यवहारात फार अडचण येणारे मात्र शेकड्यात एकाहूनही कमी होते.

आता माझ्या डोळ्यांचा हिशेब सांगतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सहा, उजव्या पारपटलाची जाडी ५२५ मायक्रॉन, झडप ११० ची, आणि साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळासाठी काढलेली ऊती सुमारे ८५. खाली ३३० मायक्रॉन शिल्लक राहिले. म्हैसूरच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत कोणताच उपाय सुचविला नाही. शस्त्रक्रियेत पारपटलाच्या मज्जातंतू कापल्या जातात, डोळा कोरडा पडतो, आणि कोरड्या पृष्ठभागावर प्रकाश अधिकच विखुरतो. म्हणून प्रथम कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि निर्णय तीन महिन्यांनंतर.

तीन महिन्यांनी खळी निम्मी झाली. उजव्या डोळ्यात उणे पाऊण नंबर उरला होता. महिन्याने पुन्हा मोजला तेव्हाही तेवढाच भरला. मग खोली अंधारी करून लहानसा दिवा समोर ठेवला आणि उजव्या डोळ्यापुढे त्या नंबराची काच धरली. खळे आक्रसून बारीक कड्याएवढे उरले. डाव्या डोळ्याला नंबर नव्हता, तरी तेवढे कडे त्यालाही दिसत होते. या एका चाचणीने प्रश्नाची फोड झाली. काचेने जे गेले ते उरलेल्या नंबराचे. जे राहिले ते पारपटलाच्या बदललेल्या आकाराचे. पुन्हा लेसर करून पहिले जाते, तसे चष्म्यानेही जाते. दुसरे नंबराच्या लेसरने जात नाही. ते फार त्रासदायक असल्यास पारपटलाचा नकाशा घेऊन निराळी योजना करावी लागते.

दुसऱ्या लेसरला माझ्याकडे जागा होती, कारण जेमतेम ११ मायक्रॉन जाणार होते. नकाशात पडदा कोठे फुगलेला नव्हता. तसा असता, किंवा नंबर वाढत असता, तर पुन्हा लेसरचे नावही काढायचे नसते. पण झडप पुन्हा उचलली की तिच्या कडेखाली पृष्ठभागावरील पेशी शिरण्याचा धोका असतो, आणि वर्षे उलटतील तसा तो वाढतो. म्हणून उशिरा येणाऱ्यांना झडपेच्या पृष्ठभागावरच लेसर देतात. एखाद्या तिशीतल्या माणसाला दिवसाही अंधुक दिसत असते, तर डॉक्टरांनी हा मार्ग मोकळेपणाने सांगितला असता. माझी दिवसाची दृष्टी चांगली होती. तक्रार रात्रीच्या बंगळूर रस्त्यापुरती होती. शिवाय पंचेचाळिशीला वाचनाचा चष्मा दाराशी उभाच असतो, आणि एका डोळ्यातील उणे पाऊण नंबर त्याला काही काळ थोपवून धरतो. जो दोष काढायला मी निघालो होतो, तोच माझ्या फायली वाचायला उपयोगी पडत होता.

म्हणून मोटारीत एक चष्मा ठेवला आहे. गेल्या रविवारी तो लावून राजवाड्यासमोर उभा राहिलो. दिव्यांना अजून बारीक कडे दिसते. पण कमान आणि घुमट वेगळे ओळखता येतात. काही क्षण चष्मा काढून पाहिला, तेव्हा उजव्या डोळ्यापुढे तोच पिवळा ढग पुन्हा उभा राहिला.