दोन मोत्यांचा हिशेब

परवा वालावलीस लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी बसलो होतो. तोच मुंबईच्या भाच्याने मोबाईलवर एक मजकूर ढकलला. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. खाली एवढेच, "मामा, याचा अर्थ काय?" मूळ कुणाचा, कधीचा, काही पत्ता नाही.

शेजारी बसलेले दुकानदार काका वाचून म्हणाले, "कोणाचो तरी डबो चोरीक गेलो!"

काकांना हसवेना. मजकूर तसाच वाचला जावा म्हणून तर तो तसा लिहिला होता! 14 जानेवारी 1761 ला पानिपत झाले. पुढे सावकारी पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेला जासूद नानासाहेब पेशव्यांच्या माणसांना वाटेत सापडला. पत्र कुणी फोडलेच, तर पेढीचा तोटा दिसावा, ही सावकाराची हुशारी. पण ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ फौज घेऊन उत्तरेत गेलेले, त्याला फोड लागली नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई.

पत्र लिहिणाऱ्याचे नाव उरले नाही. मोहराही कुठे 27 सांगतात, कुठे 22. दुसरा मोती गळाला हे तर पुष्कळांना पटेचना. भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तो थेट 1776 पर्यंत पुरला.

हे सगळे काकांना सांगितले. बराच वेळ ते तळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि खुर्दो? तो कोणीच मोजूक नाय?"