श्वासाच्या लहरीवर उभा राहिलेला सिद्धांत

मन शांत का होते, याचे उत्तर आज मानसोपचारकाच्या खोलीत, योगवर्गात आणि मोबाईलवरच्या छोट्या चित्रफितींत एकाच नावाने दिले जाते: व्हेगस. मेंदूच्या देठातून निघून घसा, हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत भटकत जाणारा हा मज्जातंतू शरीरविज्ञानाच्या दप्तरात फार जुना आहे. १८४५ मध्ये एर्न्स्ट आणि एडुआर्ड या वेबर बंधूंनी दाखवले, की त्याला विजेने चेतवले तर हृदय मंदावते, थांबतेसुद्धा. पुढे दोनच वर्षांनी कार्ल लुडविग यांनी फिरत्या दंडगोलावर रक्तदाब आणि श्वास एकत्र रेखले, तेव्हा त्यांना एक लहर दिसली. श्वास आत घेताना ठोके जलद होत होते आणि बाहेर सोडताना संथ. आपल्याला ज्या सिद्धांताचा मागोवा घ्यायचा आहे, तो पुढे याच लहरीवर उभा राहिला. विसाव्या शतकात तिच्यात व्हेगसच्या कामाची खूण शोधली जाऊ लागली आणि हळूहळू ती खूण म्हणजेच व्हेगसचे माप मानले गेले.

या मापावर काम करणाऱ्यांत अमेरिकन संशोधक स्टीफन पोर्जेस होते. नवजात अर्भकांत ही लहर ठळक असेल तर ते सुस्थितीचे लक्षण, असे त्यांनी १९९२ मध्ये मांडले. त्यावर एका नवजात-तज्ज्ञाने त्यांना लिहिले, की व्हेगसच्या प्रभावाने बाळाचे हृदय घातक रीतीने मंदावूही शकते. एकच मज्जातंतू तारक आणि मारक कसा? पोर्जेस यांनी उत्तर दिले, की व्हेगस दोन आहेत. १९९५ मध्ये छापलेल्या या सिद्धांतात एक शाखा मेंदूच्या देठातील मागच्या केंद्रातून निघणारी, प्राचीन आणि सरपटणाऱ्या प्राण्यांकडून आलेली होती. संकटात ती शरीराला निपचित पाडते. दुसरी पुढच्या केंद्रातून निघणारी, मायेलिनच्या आवरणाची आणि सस्तन प्राण्यांची. ती चेहरा, आवाज आणि हृदय यांना जोडून आपल्याला माणसांत निर्धास्त ठेवते.

इथून सिद्धांत प्रयोगशाळेबाहेर पडला. २०१४ मध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या आघातावरील गाजलेल्या पुस्तकाने तो असंख्य वाचकांपर्यंत नेला आणि २०१८ मध्ये डेब डाना यांनी त्याची उपचारासाठी एक शिडी केली: वर निर्धास्तपणा, मध्ये लढा किंवा पळ, तळाशी गोठणे. या लोकप्रियतेचे कारण आपण समजून घेतले पाहिजे. अत्याचाराच्या क्षणी जिच्या तोंडून शब्द फुटला नाही, तिला आयुष्यभर ‘प्रतिकार का केला नाहीस?’ असे विचारले जाते. ते गोठणे तुझ्या शरीराने तुला न विचारता केले, हे सांगणारा सिद्धांत तिच्या मनावरचा अपराधाचा भार उतरवतो.

शास्त्रीय आक्षेप मात्र मुळावरच आहेत. पॉल ग्रॉसमन आणि एडविन टेलर यांनी २००७ मध्ये लहरीच्या मापालाच हात घातला. समजा, मिनिटाला १५ वेळा श्वास घेणारा माणूस सहावर आला. त्याची लहर ठळकपणे उंचावेल, पण ठोक्यांची सरासरी बहुधा फारशी हलणार नाही. व्हेगसचा हृदयावरचा एकूण दाब खरोखरच वाढला असता, तर ती सरासरी खाली यायला हवी होती. म्हणजे बदलला तो श्वास. लहर आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मान्य केले तर बाळाचे कोडे सोडवायला दोन व्हेगसची गरजही उरत नाही. शिवाय, सस्तन प्राण्यांत हृदय मंद करण्याचे मुख्य काम पुढचेच केंद्र करते. मागच्या केंद्राचा ठोक्यांच्या गतीवर फारसा प्रभाव आढळत नाही. मग निपचित पडण्याचे श्रेय त्याला कसे द्यायचे? उत्क्रांतीचा आधारही डळमळला. २०१८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील फुप्फुसमाशाच्या अभ्यासात श्वास आणि ठोक्यांची सांगड सापडली आणि हृदयाकडे जाणारे मायेलिनयुक्त व्हेगस तंतूही. २०२३ मध्ये ग्रॉसमन यांनी सिद्धांताची पाचही मूळ गृहीतके बहुधा खोटी ठरल्याचे लिहिले. टीकाकार आपले म्हणणे विपर्यस्त करतात, असे पोर्जेस यांचे उत्तर आहे. हृदय, चेहरा आणि घसा यांची सस्तन प्राण्यांत झालेली विशिष्ट बांधणी हा आपला मुद्दा आहे, असे ते म्हणतात.

या वाटेच्या आजच्या टोकाशी आपल्याला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. भीतीने शरीर गोठते, हे प्राण्यांत आणि माणसांत या सिद्धांताआधीच नोंदले गेले होते; पीडितेची निर्दोषता कोणत्याही मज्जाकेंद्राच्या पत्त्यावर अवलंबून नाही. संथ श्वासाने अनेकांना बरे वाटते, हा अनुभवही खरा आहे. पण एखादे उपकरण किंवा वर्ग ‘तुमचा व्हेगस बळकट झाला’ असे सांगू लागला, तर श्वासाची गती आणि खोली सोबत मोजली होती का, हे विचारावे. ती मोजली नसेल, तर वाढलेल्या लहरीतून कदाचित एवढेच कळते, की माणूस संथ आणि खोल श्वास घेत होता.