१२. क्रिएटिनिन क्लिअरन्स

मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनिनमुक्त करतात, तो आकडा. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र (१९७६) : (१४० − वय) × वजन ÷ (७२ × रक्तातील क्रिएटिनिन), स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ने गुणायचे. ८० वर्षांच्या, ४५ किलोच्या आजींचे क्रिएटिनिन १.० मिलिग्रॅम असले, तर उत्तर ३२ येते.

सीकेडी-ईपीआय सूत्र (२०२१) वजन विचारतच नाही. त्याचा ईजीएफआर ५७ येतो, पण १.७३ चौरस मीटर अंगाच्या माणसासाठी. लहानखुऱ्या आजींची गाळणक्षमता त्याहून कमी असते. औषधाची मात्रा ५७वरून ठरवणे धोक्याचे.

क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे स्नायू झडलेल्यांत दोन्ही आकडे फुगतात. मूत्रपिंडे अचानक बिघडली, तर क्रिएटिनिन उशिरा चढते. ते स्थिरावेपर्यंत दोन्ही सूत्रे वापरू नयेत.