साध्यत्वाचे तत्त्व
माणसाला, स्वतःसह, नेहमी साध्यही मानावे, केवळ साधन मानू नये, असे सांगणारे नीतितत्त्व. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये ते निरपेक्ष आदेशाचे, म्हणजे कोणाच्या इच्छेवर न अवलंबणाऱ्या कर्तव्याज्ञेचे, एक सूत्र म्हणून मांडले (पहा : कांट, इमॅन्युएल). ‘केवळ’ हा शब्द निर्णायक आहे. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गिऱ्हाईक व विक्रेता एकमेकांचा उपयोग करून घेतात, तरी भाव व माल उघड असून दोघांनाही नकार देता येत असल्यास तत्त्वभंग होत नाही. वर ताजे टोमॅटो रचून पिशवीत खालचे नासके भरल्यास मात्र गिऱ्हाइकाने संमती दिलेला व्यवहार तो उरतच नाही. मैत्रीत कसोटी अधिक अवघड होते, कारण मदत मागणे हा मैत्रीचाच भाग असतो. पण न फेडण्याचे ठरवून मित्राकडून उसने पैसे घेणाऱ्याच्या हेतूला मित्र, तो माहीत असता, संमती देऊच शकला नसता (पहा : संमती).