अपठित उतारा: प्रश्न कुठून आले आणि ते नेमकं काय मोजतात?

आजचा विषय आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. भाषेच्या पेपरात एक उतारा येतो, तो पाठ्यपुस्तकातला नसतो, आणि त्याखाली लिहिलेलं असतं: 'खालील उतारा वाचून त्याखाली दिलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा.' दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत आज अपठित गद्याला 4 गुण आहेत. प्रश्नांना आता 'कृती' म्हणतात, चौकटी आणि आकृतिबंध आले आहेत, पण मूळ मामला तोच आहे. हे चार गुण नेमके कशाचे, हा प्रश्न आम्ही आज घेतला आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पहिला मुद्दा असा, की 'अपठित' हा शब्द एका फसवणुकीवरचा उपाय म्हणून आला आहे. 1862 साली इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानाची नवी नियमावली लागू झाली. तपासनीस शाळेत येणार, एकेका मुलाला वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला लावणार, आणि जितकी मुलं उत्तीर्ण तितके पैसे शाळेला मिळणार. एक मूल एका विषयात नापास झालं की शाळेचे 2 शिलिंग 8 पेन्स गेले. निकालावर अनुदान देण्याची ही कल्पना पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही आली.

आता वाचनाची परीक्षा कशातून घ्यायची? या नियमावलीत सहा इयत्ता होत्या. तिसरीला, चौथीला आणि पाचवीला मजकूर शाळेत वापरल्या जाणाऱ्या वाचनपुस्तकातलाच. मग शिक्षकांनी काय केलं असेल, हे सांगायला नको. वर्षभर तेच पुस्तक घोकून घेतलं. पुस्तक उलटं धरून घडाघडा 'वाचणाऱ्या' मुलांचे किस्से त्या काळाबद्दल सांगितले जातात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पगारच त्यावर अवलंबून असेल तर माणूस दुसरं काय करणार? फक्त सहाव्या इयत्तेसाठी नियमात वेगळी अट होती: वर्तमानपत्रातला एखादा साधा छोटा परिच्छेद, किंवा तशाच प्रकारचं आधुनिक कथन. म्हणजे पाठ करून ठेवता येणार नाही असा मजकूर. अपठित उताऱ्याचं हे एक अगदी स्पष्ट, नियमात छापलेलं पूर्वरूप आहे.

पण एक लक्षात घ्या. त्या सहावीच्या मुलानं सुद्धा परिच्छेद मोठ्यानं वाचायचा होता. तो वाचताना अडखळत नाही ना, हे तपासनीस ऐकत होता. मजकूर कळला का, हे लेखी प्रश्नांतून तपासायची सवय नंतरची आहे, आणि त्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा अमेरिकेत, तीनच वर्षांत घडला: 1914 ते 1917.

फ्रेडरिक केली नावाचे एक अभ्यासक. 1914 साली त्यांनी शिक्षकांच्या गुणदानावर प्रबंध लिहिला. एकाच उत्तरपत्रिकेला वेगवेगळे शिक्षक वेगवेगळे गुण देतात, ही तक्रार तेव्हाही होतीच. केलींनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे 1915 ची 'कॅन्सस मूकवाचन चाचणी'. मुलांनी मनात वाचायचं, वेळ पाच मिनिटं. प्रश्न असा हवा की त्याचा अर्थ एकच निघेल, आणि उत्तर एक तर पूर्ण बरोबर किंवा पूर्ण चूक. अर्धा गुण नाही, शिक्षकाची मर्जी नाही. त्यातला एक प्रश्न पुढे फार प्रसिद्ध झाला. चार प्राण्यांची नावं दिली आहेत: गाय, वाघ, उंदीर, लांडगा. शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याभोवती रेघ काढा. बस्स.

तपासायला सोपं, स्वस्त आणि निःपक्षपाती. त्या दृष्टीनं केलींची कामगिरी मोठीच आहे. पण हा प्रश्न जरा नीट पाहा. गाय हे उत्तर मुलाला सूचना वाचून सापडतं, की घरच्या गोठ्यामुळे? मूल चुकलं, तर ते का चुकलं हे कागदावरून कळतं का? रेघ वाघाभोवती आहे, एवढंच कळतं.

दोनच वर्षांनी, 1917 साली, कोलंबिया विद्यापीठातले एडवर्ड थॉर्नडाइक यांनी बरोबर उलट दिशेनं काम केलं. त्यांनी मुलांना एक अगदी रुक्ष उतारा दिला. फ्रँकलिन नावाच्या गावातला शाळेच्या हजेरीचा नियम. सात ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा भरेल त्या दिवशी हजर राहणं सक्तीचं. अपवाद तीन: मूल स्वतः फार आजारी असेल, घरात कुणाला संसर्गजन्य रोग असेल, किंवा रस्ते बंद असतील. उतारा हवा तितक्या वेळा पुन्हा पाहायची मुभा होती, त्यामुळे स्मरणशक्तीचा प्रश्नच नाही. आणि उत्तरं मुलांनी आपल्या शब्दांत लिहायची होती.

सहावीच्या 200 मुलांची उत्तरं घेऊन थॉर्नडाइक बसले, आणि त्यांनी बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे जास्त लक्ष दिलं. 'या परिच्छेदाचा मुख्य विषय कोणता?' या प्रश्नाला काहींनी उत्तर दिलं, फ्रँकलिन. एकानं लिहिलं की तो मोठा संशोधक होता. पतंग उडवणारा बेंजामिन फ्रँकलिन त्याच्या डोक्यात शिरला, आणि समोरचा नियम बाजूला राहिला. काहींनी चक्क परिच्छेदाची व्याख्या लिहिली: अर्थपूर्ण वाक्यांचा समूह. कुणी लिहिलं, सुरुवातीचं अक्षर मोठं काढावं. हसू येतं, पण ही मुलं वेडी नव्हती. प्रश्नातला 'परिच्छेद' हा एक शब्द त्यांच्या मनात इतका मोठा झाला, की बाकीचा प्रश्न त्याच्याखाली दबून गेला.

थॉर्नडाइकांचं म्हणणं थोडक्यात असं. वाचताना प्रत्येक शब्दाला मनात काही वजन मिळतं. एखाद्या शब्दाला गरजेपेक्षा जास्त वजन मिळालं, किंवा 'नाही', 'तरच', 'किंवा' अशा शब्दांना कमी मिळालं, की अर्थ बिघडतो. सगळे शब्द ओळखीचे असूनही बिघडतो. म्हणून त्यांनी वाचनाला गणित सोडवण्याच्या पंक्तीला बसवलं: समजून वाचणं म्हणजे विचार करणं.

आम्ही हे मराठीत करून पाहू. हा छोटा उतारा आम्हीच रचला आहे:

'वाचनालयात दर शनिवारी पुस्तके बदलून मिळतात. पुस्तक परत करण्यास उशीर झाल्यास विलंब-आकार घेतला जातो. सभासद आजारी असेल आणि त्याच्या घरातील व्यक्तीने कार्ड दाखवून पुस्तक परत केले, तरच हा आकार माफ होतो.'

पहिला प्रश्न: पुस्तके कधी बदलून मिळतात? उत्तर, दर शनिवारी. याला समज लागतच नाही. खात्री करायची असेल तर हे वाक्य घ्या: 'धुमल झिंपात गेली आणि तिने दोन मोरट चिंबले.' आता सांगा, धुमलने किती मोरट चिंबले? दोन. मोरट म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही आणि आम्हालाही नाही, कारण तसा शब्दच नाही, तरी पूर्ण गुण मिळाले. उताऱ्यातलं वाक्य उचलून ठेवलं की भागतं.

दुसरा प्रश्न: पुस्तके वेळेवर परत करणे का आवश्यक आहे? 'इतर वाचकांना ती मिळावीत म्हणून.' उत्तर छान आहे, पण ते उताऱ्यात कुठेही नाही, आणि उतारा न वाचणारा मुलगाही तेच लिहील. गाय-वाघाचीच गोष्ट. 'स्वमत' म्हणून हा प्रश्न जरूर विचारा, पण त्याचे गुण वाचन-आकलनाच्या खात्यात टाकू नका.

तिसरा: सीमा आजारी होती. तिचं पुस्तक शेजारच्या काकूंनी उशिरा परत केलं आणि सीमाचं कार्डही दाखवलं. विलंब-आकार माफ होईल का? कारण लिहा. इथे मुलाला शेवटची दोन वाक्यं एकत्र धरावी लागतात. 'माफ होईल, कारण ती आजारी होती' असं उत्तर आलं, तर 'आजारी' शब्दानं जास्त जागा घेतली आणि 'घरातील' निसटला. 'माफ होईल, कारण कार्ड दाखवलं' असं आलं, तर तीच निसटलेली जागा, पण मूल वेगळ्या शब्दाला अडकलं. 'काकू घरच्यासारख्याच असतात' असं कुणी लिहिलं, तर तिथे वाचनापेक्षा घरच्या अनुभवानं मात केली, आणि खरं सांगायचं तर त्या मुलाशी बोलायला आम्हाला सगळ्यात जास्त आवडेल. तिघांनाही शून्य, पण तीन वेगळी शून्यं. वर्गात सोमवारी काय शिकवायचं, हे त्या फरकावरून ठरतं.

इतिहासात मात्र केलींची पद्धत जिंकली. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली, लाखो सैनिकांची चाचणी घ्यायची होती, आणि तिथे पर्यायांवर खूण करायची पद्धत सोयीची ठरली. पुढे ती शाळांत, स्पर्धा परीक्षांत, सगळीकडे गेली. लाखो पेपर तपासायचे असतील तर थॉर्नडाइकांसारखं एकेक उत्तर घेऊन बसणं जमत नाही, हे मान्य करायला हवं. पण त्याची किंमत काय पडली, हे 1990 साली पुन्हा दिसलं. स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेतले आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उताऱ्याशिवाय दिले. पाच पर्याय होते, म्हणजे डोळे मिटून खुणा केल्या तर शंभरात सुमारे वीस बरोबर यायला हवेत. विद्यार्थी त्याच्या कितीतरी वर गेले. उतारा समोर नव्हता, तरी पर्यायांची भाषा, सामान्यज्ञान आणि प्रश्नांचे आपसातले धागे यांवरून उत्तरं काढता येत होती.

आपल्याकडे शिक्षक हा प्रयोग एका तासात करू शकतात. चाचणीसाठी काढलेले प्रश्न दुसऱ्या तुकडीला आधी उताऱ्याशिवाय द्या. ज्या प्रश्नाला बहुतेकांना गुण मिळाले, तो आकलनाच्या यादीतून काढा. मग उरलेल्या प्रश्नांपुढे उत्तराचं वाक्य उताऱ्यात जसंच्या तसं सापडतं का, ते पेन्सिलीनं तपासा. आम्ही वर रचलेल्या तीन प्रश्नांतला एकच या चाळणीतून खाली उतरतो. तयार मार्गदर्शकांतल्या उताऱ्यांनाही हीच चाळणी लावून पाहा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि हातात किती प्रश्न उरतात ते मोजा.