भावाआधी ताबा

सकाळी सव्वानऊला मोबाइलवर निफ्टी पाहण्याची सवय असलेल्या वाचकांना समोर ठेवून ही प्रस्तावना लिहिली आहे. क्रिप्टोचे ॲप उघडल्यावर त्यांना सगळे ओळखीचे वाटेल. तेच लाल-हिरवे आकडे, त्याच कँडल, तीच बाय-सेलची बटणे. फरक आहे तो पडद्यामागे, आणि तो समजला की या विषयातले बाकीचे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

तुम्ही शेअर घेता तेव्हा चार वेगळ्या संस्था कामाला लागतात. ब्रोकर ऑर्डर पाठवतो, एक्स्चेंजवर सौदा जुळतो, क्लिअरिंग कॉर्पोरेशन दोन्ही बाजूंची हमी घेते आणि दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएलमधल्या तुमच्या नावाच्या खात्यात जमा होतात. बहुतेक क्रिप्टो एक्स्चेंजवर ही चारही कामे एकच कंपनी करते. ॲपवर दिसणारी तुमची शिल्लक ही त्या कंपनीच्या वहीतली नोंद असते. प्रत्यक्ष नाणी कंपनीच्या वॉलेटमध्ये असतात आणि त्याच्या चाव्याही तिच्याकडे, किंवा तिने नेमलेल्या सांभाळदाराकडे.

याचा अर्थ काय, हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की कळते. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचे उघड झाले. सेबीने नोव्हेंबरमध्ये आदेश काढला आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच ऐंशी हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत गेले. कर्ज देणाऱ्या बँका त्यावरून भांडत राहिल्या, पण कोणता शेअर कोणाचा हे सांगणारी नोंद ब्रोकरच्या हाताबाहेर, डिपॉझिटरीकडे होती.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. त्या वॉलेटला एकापेक्षा अधिक सह्या लागत होत्या, तरीही. चोरी मुख्यतः इथर, शिबा इनू अशा नाण्यांची झाली. पण पैसे काढणे सगळ्यांचेच थांबले आणि तोटाही सगळ्यांमध्ये वाटला गेला. ज्याच्याकडे नुसते बिटकॉइन होते, तोही त्यात आला. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. दरम्यान बिटकॉइन पासष्ट हजार डॉलरच्या आसपासून एक लाखाच्या पुढे गेला होता, तर ग्राहकांचे दावे मात्र चोरीच्या दिवशीच्या भावाने धरले गेले. त्यांचा बाजाराचा अंदाज बरोबर ठरला होता. नडला तो ताबा.

नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवता येतात, ही या क्षेत्राची खरी नवलाई. मात्र तिथे बारा किंवा चोवीस शब्दांचा जो संच मिळतो, तो हरवला तर दाद मागायला कुणीही नाही.

वेळेचा मुद्दा वरवर सोपा वाटतो: हा बाजार कधीच बंद होत नाही. वाचकांनी मात्र बंद होण्याचा फायदाही लक्षात घ्यावा. १३ मार्च २०२० रोजी निफ्टी उघडताच दहा टक्के कोसळला, सर्किट लागले आणि पंचेचाळीस मिनिटे सौदे थांबले. बाजार पुन्हा उघडला आणि त्या दिवशी निफ्टी चक्क वर बंद झाला. तेवढ्या अवधीत लोकांना विचार करायला आणि पैसे जुळवायला वेळ मिळाला.

११ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे तसा अवधी मिळाला नाही. अमेरिकेने चीनवर शंभर टक्के वाढीव आयातशुल्काची घोषणा केली तेव्हा तिथे शुक्रवारची संध्याकाळ होती, शेअर बाजार मिटले होते. क्रिप्टो उघडा होता. उधारीवर घेतलेले सौदे एक्स्चेंजची यंत्रणा मार्जिन संपताच आपणहून विकून टाकते; त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढच्या माणसाचे मार्जिन संपते. अशा वेळी बोली लावणारे बाजूला होतात. युएसडीई हे एका डॉलरला बांधलेले नाणे त्या पहाटे बायनान्सवर पासष्ट सेंटपर्यंत घसरले, इतरत्र मात्र ते डॉलरच्या जवळच होते. तरलता नाण्याची नसते, त्या विशिष्ट एक्स्चेंजवरच्या त्या क्षणीच्या ऑर्डर बुकची असते. आपल्याकडे जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस लागू झाल्यावर बरेच ट्रेडर परदेशी एक्स्चेंजकडे वळले आणि रुपयातली ऑर्डर बुके विरळ झाली.

म्हणून पुढची प्रकरणे वाचताना भावाचा आलेख थोडा वेळ बाजूला ठेवावा, ही विनंती. आधी तुमच्या एक्स्चेंजच्या अटी उघडा आणि दोन गोष्टी शोधा: नाणी कोणाच्या ताब्यात आहेत, आणि ती बाहेर काढणे कंपनी कधी थांबवू शकते. जमल्यास थोडी रक्कम प्रत्यक्ष काढूनही पाहा.